डिव्हिडंड हातात आलाच नाही, तरी कर? अमेरिकी शेअर्स आणि विभागाचा मेसेज

मांजलपूरकर · 2 डिसेंबर 2025, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. बडोद्यात एका अमेरिकी कंपनीच्या भारतातल्या शाखेत नोकरी करतो. 2021 पासून पगारातून थोडी रक्कम कापून मूळ कंपनीचे शेअर सवलतीत मिळतात. आजवर साधारण 200 झालेत, अमेरिकेतल्या ब्रोकरकडे पडून आहेत. दर तीन महिन्यांनी डिव्हिडंड येतो, पण तो तिथल्या तिथे पुन्हा शेअरमध्ये जातो. बँकेत आजपर्यंत एक रुपया आलेला नाही.

जुलैत आयटीआर-2 स्वतःच भरलं. परदेशी मालमत्ता आहे का, या प्रश्नाला "नाही" केलं, कारण खातं कंपनीनेच उघडलेलं. डिव्हिडंडही दाखवला नाही, मिळालाच नाही तर दाखवणार काय! एक विक्री मात्र दाखवली. मुलीच्या ॲडमिशनसाठी 20 मार्च 2025 ला 40 शेअर विकले होते. नफा 1,56,120 आला, 1.25 लाख माफ धरून बाकीच्यावर 12.5 टक्के भरले.

परवा विभागाचा मेसेज आला. तुमच्या परदेशी मालमत्तेची माहिती आमच्याकडे आहे, रिटर्न तपासून पाहा, अशा अर्थाचा. बायकोने वाचला आणि घरात सुतक पसरलंय. मी काय चुकलो?

---

सुरसागर_संध्या · रात्री 11:05

घाबरू नका. 200 शेअर म्हणजे किती, पंधरा लाख? ऑक्टोबर 2024 पासून 20 लाखांपर्यंतची परदेशी मालमत्ता दाखवायची गरजच नाही. माझ्या दिरांना त्यांच्या ऑफिसात हेच सांगितलंय. मेसेज सरसकट सगळ्यांना जातायत. आणि डिव्हिडंडवर अमेरिकेत कर कापला असेल तर तो विषय तिथेच मिटला, करार आहे दोन देशांत.

---

वहीखाते · 3 डिसेंबर, सकाळी 7:20

संध्याताई, अर्धं बरोबर आहे आणि उरलेलं अर्धं गोत्यात आणणारं आहे. काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्यात, रिटर्नमध्ये परदेशी मालमत्ता न दाखवल्याबद्दल 10 लाखांचा दंड आहे. स्थावर सोडून बाकी मालमत्ता मिळून 20 लाखांच्या वर जात नसेल, तर 1 ऑक्टोबर 2024 पासून तो दंड लागत नाही. माफ झाला तो दंड. दाखवणं माफ झालेलं नाही. रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता म्हणजे शेड्यूल एफए, त्याला किमान रकमेची अट नाही, एक शेअर असला तरी भरायचं.

करारानेही विषय मिटत नाही. तिथला 25 टक्के हा पहिला हप्ता समजा. इथे पूर्ण डिव्हिडंड आपल्या स्लॅबने करपात्र, आणि तिथे भरलेल्याची वजावट इथल्या करातून मिळते, तीही मागितली तर.

मांजलपूरकर, तुमचा मेसेज सरसकट नाही. अमेरिकेकडून खात्यांची माहिती दरवर्षी येते, ती रिटर्नशी ताडून नोव्हेंबरअखेर हे मेसेज गेलेत. यात नोटीस काही नाही, सुधारायची संधी आहे. 31 डिसेंबरपर्यंत रिटर्न रिव्हाइज करता येतं, पहिलं प्रोसेस झालं असलं तरी. उत्तरायणाच्या सुट्टीत बघू म्हणालात तर गेलं.

मला हवंय: ब्रोकरची जानेवारी 2024 ते मार्च 2025 ची महिन्यावार स्टेटमेंट्स, तिथलं उत्पन्न आणि कापलेला कर दाखवणारा अमेरिकेचा फॉर्म 1042-एस, आणि ज्या वर्षी ते 40 शेअर मिळाले त्या वर्षाचा फॉर्म 16 व कंपनीने दिलेल्या सुविधांचा 12बीए. आकडे इथे टाका, नावं-नंबर नकोत.

---

कारेलीबागचे काका · सकाळी 8:02

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. मी निवृत्त. मुंबईच्या एका फंड हाऊसची योजना घेतली आहे, तिचे पैसे नॅस्डॅकमध्ये लागतात. मलाही मेसेज येणार का? माझ्याकडे तो 1042 वगैरे काही नाही. रात्रभर झोप नाही.

---

वहीखाते · सकाळी 8:15

काका, झोपा. तुमच्याकडे भारतीय म्युच्युअल फंडाचं युनिट आहे, परदेशी शेअर फंडाच्या नावावर आहेत. शेड्यूल एफएशी तुमचा संबंध नाही. विकाल तेव्हा नफ्याचं बघू, त्याचे नियम वेगळे आहेत.

---

मांजलपूरकर · रात्री 9:50

आकडे काढले. अपूर्णांक सोडून देतो.

प्रति शेअर डिव्हिडंड मार्च 2024 ला 0.45 डॉलर, नंतर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च 2025 ला 0.50. म्हणजे 200 शेअरवर पहिल्यांदा 90 डॉलर, मग दर वेळी 100. मार्च 2025 चा डिव्हिडंड विक्रीच्या आधीच जमा झाला होता.

कर 25 टक्के कापलाय. पण मार्च 2025 ला 30 डॉलर कापलेत, का ते कळलं नाही. 1042-एस मध्ये 2024 चं उत्पन्न 390 दिसतं. तेवढेच भरून टाकू?

ते 40 शेअर जून 2022 चे. तेव्हा बाजारभाव 60 डॉलर होता, मला 51 ला मिळाले. विकले 90 ला.

---

वहीखाते · रात्री 11:30

चहा घेऊन बसा, लांब आहे.

आधी तुमचा मूळ प्रश्न. डिव्हिडंड तुमच्या नावावर जमा झाला, त्यातून कर कापला गेला, उरलेल्या पैशांतून तुमच्यासाठी शेअर घेतले गेले. तुम्ही बँकेत काढून पुन्हा शेअर घेतले असते तर काय वेगळं झालं असतं? ब्रोकरने दोन कामं एका ओळीत केली, इतकंच. उत्पन्न जमा झालं त्याच दिवशी झालं. आणि इथे दाखवायची ती कर कापायच्या आधीची रक्कम. 75 नव्हे, 100. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात रिटर्नमध्ये 75 लिहिलेले असतात. मग तिथल्या कराची वजावट मागायला जागाच उरत नाही, कारण तो कर ज्या उत्पन्नावर कापला तेच तुम्ही दाखवलेलं नसतं.

आता 390 चं. ते भरू नका. अमेरिकेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. 1042-एस मधले मार्च 2024 चे 90 डॉलर हे आपल्या मागच्या वर्षाचं उत्पन्न. या वर्षाचं म्हणजे जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च 2025, एकूण 400. हा आकडा एकाही फॉर्मवर छापून येत नाही, स्टेटमेंटमधून स्वतः जमवावा लागतो.

पण गंमत अशी, शेड्यूल एफए मात्र कॅलेंडर वर्षाचंच आहे. 31 डिसेंबर 2024 ला संपलेल्या वर्षात जे होतं ते. तिथे डिव्हिडंड 390 चाच येणार. म्हणजे एकाच रिटर्नमध्ये एफएत 390 आणि इतर उत्पन्नात व परदेशी उत्पन्नाच्या शेड्यूल एफएसआयमध्ये 400. जुळत नाही म्हणून लोक एक आकडा दुसरीकडे चिकटवतात आणि दोन्ही चुकवतात. ते जुळायचंच नाही.

तसंच तुमच्या विक्रीचं. 20 मार्च 2025 ची विक्री या वर्षाच्या भांडवली नफ्यात येईल, पण 31 डिसेंबर 2024 ला ते 40 शेअर तुमच्याकडेच होते. एफएत पूर्ण 200 दाखवा. विक्रीची रक्कम पुढच्या वर्षीच्या एफएत येईल.

30 डॉलरचं कोडं: तुम्ही 2021 ला डब्ल्यू-8 बेन हा, आपण अमेरिकेबाहेरचे आहोत आणि कराराचा दर हवा असं ब्रोकरला सांगणारा फॉर्म सही केला असणार. तो सही केलेलं वर्ष आणि पुढची तीन कॅलेंडर वर्षं चालतो. 31 डिसेंबर 2024 ला संपला. ब्रोकरने तुम्हाला करारातलं धरणं सोडलं आणि 25 ऐवजी 30 टक्के कापले. आज लॉगिन करून नवा भरा. ते जास्तीचे 5 डॉलर इथे मागता येणार नाहीत, करारापेक्षा जास्त कापलेलं आपलं सरकार का देईल? ते तिकडूनच परत मागायचे.

---

राजमहाल_रोड · 4 डिसेंबर, दुपारी 1:10

मी एक्सेल केली आहे, कुणाला हवी असेल तर सांगा. 400 डॉलर × समजा 84 = 33,600. मी 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, सेससह 31.2, म्हणजे इथला कर 10,483. अमेरिकेत कापलेले ग्राह्य 100 डॉलर म्हणजे 8,400. इथे फरक भरायचा 2,083. संपलं. एवढ्यासाठी सीए कशाला?

---

वहीखाते · दुपारी 3:45

एक्सेल चांगली आहे, दोन ठिकाणी हात लावू.

दर सगळ्या डिव्हिडंडला एकच नसतो. ज्या महिन्यात डिव्हिडंड आला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर घ्यायचा. जूनच्या डिव्हिडंडला 31 मेचा. कापलेल्या करालाही तसाच. गुगलवरचा दर नको आणि क्रेडिट कार्डाचाही नको. शेवटचा दिवस रविवार असला तर त्याच्या आधी जाहीर झालेला घेतात, आणि मी त्याचं पान छापून फाईलला लावते. इथे हिशेब सोपा राहावा म्हणून 84 धरू.

दुसरी गोष्ट मोठी. तिथला कर आणि त्या उत्पन्नावरचा इथला कर, दोन्हींतला कमी तेवढीच वजावट. "त्या उत्पन्नावरचा इथला कर" म्हणजे कुठला? तुम्ही वरच्या स्लॅबचा 31.2 धरला. मी सरासरी दर धरते. मांजलपूरकरांचं पगार आणि डिव्हिडंड मिळून करपात्र 18 लाख धरा, नवी पद्धत. कर 2,30,000, सेससह 2,39,200. सरासरी 13.29 टक्के. 33,600 वर येतात 4,465. मग वजावट 8,400 नाही, 4,465.

---

राजमहाल_रोड · दुपारी 4:02

हे पटत नाही. डिव्हिडंड नसता तर माझा कर 10,483 ने कमी झाला असता ना? मग त्या उत्पन्नावरचा कर तोच. नियमात सरासरी हा शब्द आहे का?

---

वहीखाते · संध्याकाळी 6:30

नियम 128 मध्ये "अशा उत्पन्नावर देय कर" एवढंच आहे, सरासरी शब्द नाही. पण पगार आधी आणि डिव्हिडंड सगळ्यात वर, असा क्रमही कायद्याने कुठे लावलेला नाही. डिव्हिडंड सगळ्यात खाली धरला तर त्यावर शून्य कर येईल, तेही कुणाला पटणार नाही. म्हणून मधला रस्ता सरासरीचा. माझ्या ओळखीतले बहुतेक सीए सरासरीच घेतात, दोघं मात्र तुमच्यासारखंच करतात आणि त्यांची रिटर्नं प्रोसेसही झालीत. प्रोसेस झालं म्हणजे मान्य झालं असं नाही. चार हजारांसाठी मी भांडत बसणार नाही. तुम्हाला भांडायचं असेल तर टिपण लिहून फाईलला ठेवा.

---

मांजलपूरकर · रात्री 9:15

मी 4,465 वालाच बरा. विक्रीचं सांगाल का? ते तरी बरोबर आहे ना?

---

वहीखाते · रात्री 10:20

नाही. तिथे दोन चुका आहेत, एक तुमच्या फायद्याची आणि एक सरकारच्या.

1.25 लाखांची सूट इथल्या एक्स्चेंजवर एसटीटी हा व्यवहाराचा कर भरून विकलेल्या शेअरला. अमेरिकी शेअर आपल्या कायद्याच्या नजरेत अनलिस्टेड. 24 महिन्यांपेक्षा जास्त ठेवले तर दीर्घ मुदत, 12.5 टक्के, पण सूट शून्य. तुम्ही रक्कम त्या सुटीच्या कलम 112ए मध्ये टाकलीत, ती काढून कलम 112 मध्ये घ्या.

दुसरी चूक तुमचंच नुकसान करणारी. तुम्ही खरेदी 51 धरलीत ना? 60 आणि 51 मधले 9 डॉलर तुमच्या पगारात सुविधा म्हणून आधीच धरले गेले, 12बीए उघडा, तिथे असतील. त्यावर 2022 मध्ये कर भरून झालाय. म्हणून खरेदी किंमत 60.

जून 2022 ला कंपनीने 77 चा दर धरला असं समजू. 40 × 60 × 77 = 1,84,800. विक्री 40 × 90, दर 28 फेब्रुवारी 2025 चा, 87 धरा: 3,13,200. नफा 1,28,400, त्यावर सेससह 16,692. तुम्ही 31,120 वर भरलेत, म्हणजे सुमारे 4,046. फरक 12,646. खरेदी 51 च ठेवली असती तर आणखी 3,604 विनाकारण गेले असते. या नफ्यावर अमेरिकेने काही कापलेलं नाही, त्यामुळे वजावटही नाही.

अजून एक, लोक इथेच अडकतात. डिव्हिडंडमधून घेतलेला प्रत्येक तुकडा ही त्या दिवशीची स्वतंत्र खरेदी आहे. 75 डॉलरमध्ये 0.88 शेअर आला, तर त्याची किंमत 75 डॉलर आणि त्याचे 24 महिने त्या दिवसापासून. तुम्ही जून 2022 चा लॉट निवडून विकलात म्हणून सुटलात. सगळे एकदम विकले असते तर शेवटच्या दोन वर्षांतले तुकडे अल्प मुदतीचे, स्लॅबने करपात्र. विकताना ब्रोकरच्या पानावर लॉट निवडता येतो का ते बघा, आणि निवडलेल्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

---

न्यूजर्सीची_बहीण · 5 डिसेंबर, सकाळी 11:00

मी दांडिया बाजारात राहते. भाऊ न्यूजर्सीत. वडील गेल्यावर त्याने तिथल्या शेअरच्या खात्यावर माझं नाव लावलं, "मला काही झालं तर" म्हणून. पैसे सगळे त्याचे. मी साधं आयटीआर-1 भरते, पेन्शन आणि व्याज. मलाही हे सगळं करावं लागेल? वहिनीला विचारायची सोय नाही.

---

वहीखाते · सकाळी 11:40

ताई, नाव नेमकं कसं लावलंय त्यावर आहे. फक्त वारस म्हणून नॉमिनी असाल आणि आज खात्यावर काही अधिकार नसेल तर वेगळं. संयुक्त धारक असाल किंवा सही चालत असेल तर एफएत दाखवायला हवं, उत्पन्न त्याचं असलं तरी. आणि तसं असेल तर आयटीआर-1 चालणार नाही, 2 लागेल. भावाकडून खात्याच्या पहिल्या पानाचा फोटो मागवा, त्यावर तुमच्या नावापुढे काय लिहिलंय ते इथे सांगा. रक्कम नको.

---

सुरसागर_संध्या · दुपारी 12:30

दिरांचे 23 लाखांचे निघाले. मी त्यांना इथली लिंक पाठवली. आता ते माझ्याशी बोलत नाहीत.

---

मांजलपूरकर · 7 डिसेंबर, संध्याकाळी 7:30

काल शेव-उसळ खाऊन बसलो ते रात्री दोनला उठलो. एफएमध्ये अडलोय. डिव्हिडंडचे डिसेंबर 2021 पासून डिसेंबर 2024 पर्यंत तेरा तुकडे आहेत, शिवाय सात खरेद्या. वीस ओळी भरायच्या? आणि वर्षातली सर्वोच्च किंमत प्रत्येकाची?

---

वहीखाते · रात्री 8:10

खरेदीची तारीख वेगळी म्हणजे ओळ वेगळी, हो, वीस. टेबल ए3. प्रत्येक ओळीत घेतलं तेव्हाची किंमत, 2024 मधली सर्वोच्च, 31 डिसेंबरची, आणि त्या ओळीच्या वाट्याचा डिव्हिडंड. सर्वोच्च काढायला फार डोकं नको: 2024 मध्ये शेअरचा भाव सगळ्यात वर गेला तो दिवस शोधा, तो भाव आणि त्या दिवसाचा स्टेट बँकेचा दर सगळ्या ओळींना लावा. फक्त जे तुकडे त्या दिवसानंतर आले, त्यांचा सर्वोच्च ते आल्यानंतरचा. ब्रोकरचं खातं मी ए2 मध्येही दाखवते. काही जण म्हणतात दुबार होतं. मला दुबार दाखवून विचारलेलं चालेल, न दाखवून विचारलेलं नाही.

क्रम असा ठेवा. आधी पोर्टलवर तिथल्या कराची वजावट मागायचा फॉर्म 67, त्यात 33,600 आणि त्यावरचा तिथला कर, सोबत स्टेटमेंट आणि 1042-एस. त्याची मुदत 31 मार्च 2026 पर्यंत आहे, पण रिटर्नच्या आधी भरला की प्रोसेसिंगमध्ये वजावट अडकत नाही. मग फरकाचा कर व्याजासह भरा, मग रिव्हाइज्ड रिटर्न: इतर उत्पन्न, एफएसआय, वजावटीचं शेड्यूल टीआर, एफए. अमेरिकेचा कर क्रमांक मागेल, तो नसेल तर पासपोर्ट नंबर.

---

राजमहाल_रोड · रात्री 8:45

एक विचारू का? 2021 पासूनचा डिव्हिडंड मागच्या रिटर्नमध्येही नाही ना? त्याचं काय?

---

मांजलपूरकर · रात्री 8:50

हे मी मुद्दामच विचारलं नव्हतं.

---

वहीखाते · रात्री 9:40

मी विचारणारच होते, आधी डिसेंबर तरी पार पडू दे म्हटलं. मागच्या वर्षांना रिव्हाइज संपलं, अपडेटेड रिटर्न उरतं. मार्च 2026 पर्यंत भरलं तर एकदम मागच्या वर्षासाठी कर आणि व्याज मिळून जे येईल त्यावर 25 टक्के जादा, त्याच्या आधीच्या वर्षासाठी 50, आणखी मागे 60. फॉर्म 67 अपडेटेड रिटर्नसोबतही भरता येतो, त्या रिटर्नमध्ये जे उत्पन्न दाखवता तेवढ्यापुरता. रकमा लहान आहेत, जीव जाणार नाही. पण तुमच्या पहिल्या दोन वर्षांचे शेअर, तेव्हाचा स्लॅब, जुनी-नवी पद्धत हे सगळं वेगवेगळं आहे, आणि 2024 च्या आधी 20 लाखांची सवलत नव्हती. त्यासाठी कागद घेऊन समोरासमोर बसायला हवं. इथे आकडे टाकून ते होणार नाही.

---

मांजलपूरकर · 14 डिसेंबर, रात्री 11:55

फॉर्म 67 गेला. रिव्हाइज्ड रिटर्न गेलं, ई-व्हेरिफाय केलं. नवा डब्ल्यू-8 बेन भरला, ब्रोकरने मार्चचे 5 डॉलर परत द्यायचं कबूल केलंय, जमा अजून नाहीत. डिव्हिडंडची आपोआप खरेदी बंद केली, आता पैसे रोख पडून राहतील. मागच्या वर्षांसाठी शनिवारी रावपुऱ्यात एकांकडे वेळ घेतली आहे.

---

न्यूजर्सीची_बहीण · 15 डिसेंबर, सकाळी 9:20

भावाने फोटो पाठवला. माझ्या नावापुढे "जॉइंट टेनंट" लिहिलंय. हे नॉमिनी नाही ना?

---

वहीखाते · सकाळी 9:35

नाही, ताई. संध्याकाळी फोन मोकळा ठेवा, मी निरोप पाठवते.